तुळस छाप कुंकवाचा खरा धनी

साताऱ्यात सकाळच्या चहाबरोबर माणसं वर्तमानपत्र वाचत, गंगाधरपंत खटावकर ट्रेडमार्काचं जर्नल वाचत. पंत आमच्या वकीलसाहेबांचे थोरले कारकून, आणि मी तिथला टंकलेखक. त्यामुळे त्यांच्या वाचनाचा त्रास सगळ्यांत जास्त मलाच होई.

त्याचं असं झालं की बेचाळीस साली छापांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला. आपल्या मालावर कुठला छाप मारायचा, तो कुणाचा, हे मुंबईच्या कचेरीत नोंदवायचं. अर्ज आला की तो छापील जर्नलात जाहीर करायचा, म्हणजे कुणाची हरकत असली तर त्यानं ती मुदतीत घ्यावी. वकीलसाहेबांना वाटलं, आता व्यापारी रांगा लावणार. त्यांनी जर्नलाची वर्गणी भरली. व्यापारी काही आले नाहीत. जर्नलं मात्र नेमानं येत राहिली. साहेबांनी ती उघडणंही सोडलं, आणि पंतांनी ती डोक्यावर घेतली.

"हरिभाऊ, या अंकात हत्ती किती सांगा बघू?"

"किती?"

"एकोणीस! साबणावर चार, काड्यापेटीवर सात, सुतावर पाच, बाकी किरकोळ. अहो, जंगलात उरले नसतील एवढे हत्ती दुकानात आहेत."

पंतांनी एक लांबट वही घातली होती. प्रत्येक अर्जदाराचं नाव, अर्जाचा नंबर आणि तो कुठल्या अंकात आला, हे सगळं त्यात. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला नको होतं, तरी चार वर्षं माणूस रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी अर्धा तास ती वही लिहीत होता. पंतांच्या पत्नी उमाकाकू म्हणायच्या, "लोक रामनाम लिहितात, आमचे हे साबणवाल्यांची नावं लिहितात. तिकडे चित्रगुप्ताकडे नोकरी धरणार आहेत वाटतं."

सेहेचाळीसच्या मार्गशीर्षात मात्र त्या वहीला गिऱ्हाईक लागलं.

गोपाळशेठ मेढेकर हे साताऱ्याचे बडे व्यापारी. ते एका सकाळी खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "तुळस छाप कुंकू विकत घेतोय."

"घ्या की," साहेब म्हणाले. "पुडी की डबा?"

"अहो, कुंकू नव्हे, छाप! सगळा छापच घेतोय. आष्ट्याचा जोतीराम शेटे विकायला निघालाय. बाप गेला त्याचा, आप्पासो शेटे. पोरगा म्हणतो, आता हे नको, सांगलीत पंपांचं दुकान टाकतो. संक्रांतीच्या आत कागद करून द्या. हळदीकुंकवाचा हंगाम हातचा गेला तर काय उपयोग?"

तुळस छाप कुंकू ठाऊक नाही असं घर आमच्याकडे नव्हतं. पत्र्याचा लहान गोल डबा, वर वृंदावनातली तुळस, आणि खाली अक्षरं: 'सौ. शकुंतलाबाई शेटे यांचे'. शकुंतलाबाई म्हणजे जोतीरामची आई, आप्पासोंची बायको. आप्पासोंच्या आधी दोन वर्षं ती सवाष्ण गेली. डब्यावर मात्र ती अजून सौभाग्यवती होती.

साहेबांनी पंतांकडे पाहिलं. "छाप विकणाऱ्याचाच आहे ना, तेवढं बघा."

पंतांचा चेहरा असा खुलला की जणू घरात बारसं आहे. वही निघाली. 'श' मध्ये शकुंतलाबाई नाहीत. 'आ' मध्ये आप्पासो नाहीत. 'ज' मध्ये जोतीराम नाही. पंतांनी पानं तीनदा उलटली आणि मग चष्मा काढून पुसला. चूक चष्म्याची नव्हती.

"डब्यावर तर 'रजिस्टर्ड' छापलंय," मी म्हणालो.

"हरिभाऊ, माझ्या पाटीवर मी 'राजा' लिहिलं म्हणून हत्ती येणार आहे का दाराशी?"

"आणखी एक हत्ती," मी म्हणालो. पंत हसले नाहीत. चार वर्षांत वहीला पहिलं काम आलं आणि वही गप्प बसली, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

त्याच आठवड्यात, दुपारी, एक म्हातारी आमच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बोडकं कपाळ, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. नजर गेली ती तिच्या तळव्यांवर. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत लाल, नखांच्या कडांत तर काळसर लाल. मेंदी नव्हे, तिच्याहून खोल मुरलेला रंग.

"गोपाळशेटाचं कागद हितंच व्हनार हायत न्हवं?" तिनं विचारलं. "मी हरणाबाई. आप्पासोची भन. जोतीरामाची आत्ती."

पंतांनी तिला आत बोलावलं. ती खुर्चीवर बसेना. भिंतीला टेकून खाली बसली आणि एका दमात सांगून मोकळी झाली.

"साहेब, मी काय अडवाया आलो न्हाई. पोराचं हाय, त्यानं इकावं. पर कागदात एक वळ घाला. नव्या मालकानं मला कामाला ठेवावं. मजुरी द्या न्हाईतर नगा देऊ, दोन येळचं जेवान द्या. तीस वर्सं मीच कुंकू करतो. हळकुंड सांगलीच्या पेठंतनं मीच निवडून आनतो. लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी, कवा किती घालायचं ते या बोटाला कळतंय. जोतीराम म्हनतुया, तुला फलटणला सावत्र लेकाकडं धाडतो. त्यो मला वळखत बी न्हाई वो. तिथं जाऊन मी करू काय? रिकाम्या हातानं बसून मरू?"

"कुंकू तुम्ही करता?" मी विचारलं. "मग डब्यावर शकुंतलाबाई..."

तिनं माझ्याकडे पाहिलं. शाळा शिकून बुद्धू राहिलेला मुलगा अशी ती नजर होती. "आरं लेकरा, मी इसाव्या वर्सी रंडकी झालो. रांडमुंड बाईच्या हातचं कुंकू कोन सवाष्ण लावंल? म्हनून वैनीचं नाव. वैनी कवा परातीला शिवली न्हाई, पर मोप गुनाची. म्हनायची, वन्सं, नाव माझं, हात तुमचं."

हे सांगताना तिच्या बोलण्यात रड नव्हती. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं ते एक. मग मिश्रीची तल्लफ आली म्हणून तिनं पिशवीतून एक डबा काढला. तुळस छापाचाच, पण कडा घासलेल्या, रंग उडालेला. तिनं चिमूट घेतली आणि डबा फरशीवर ठेवला.

पंत एकदम गुडघ्यावर आले. मला वाटलं, चक्कर आली.

"बाई, हा डबा जरा बघू?"

"मिश्री व्हय? घ्या की. लाजताय कशाला?"

मिश्री नको होती. पंतांनी डबा उलटा धरला. तळाशी, चिकटलेल्या लेबलाच्या कडेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापील नंबर होता. हा आप्पासोंच्या हयातीतला डबा. पुढं जोतीरामनं सांगलीत नवी रंगीत लेबलं छापून घेतली तेव्हा, जागा अडते म्हणून, नंबरच उडवला होता.

आता नावाची गरज नव्हती. पंतांच्या वहीत शेवटी कुठल्या अंकात कुठून कुठवर नंबर आहेत याचंही एक पान होतं. त्यांनी कपाटातून चव्वेचाळीसचा एक अंक ओढला आणि बोटानं नंबर शोधत गेले. तुळशीवृंदावनाचं चित्र आलं. वर्ग तिसरा, माल कुंकू. खाली अर्जदाराचं नाव होतं. ते पंतांनी वाचलं, आणि अंक इतक्या हळू मिटला की मला आवाजही आला नाही.

"बाई," ते म्हणाले, "पौष लागला की एकदा परत या. जोतीरामाबरोबर या. कागद त्याच दिवशी ठेवतो. तुमची ओळ बघू घालता येते का."

म्हातारी हात जोडून गेली. मी अंकावर झडप घातली. इंग्रजीत स्वच्छ छापलं होतं: हरणाबाई, विधवा, कुंकवाची उत्पादक व व्यापारी, मुक्काम आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सातारा.

वहीत 'ह' काढला. हरणाबाई तिथं चांगल्या ठसठशीत बसल्या होत्या, पंतांच्याच अक्षरात. पंतांनी स्वतः दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं नाव! पण शोधायला गेले ते डब्यावरच्या सवाष्णीला आणि घरातल्या पुरुषांना. चार वर्षांच्या वहीत एखाद्या विधवेच्या नावानं कुंकू शोधावं, हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"पंत, मग तिला सांगितलं का नाही? बिचारी जीव टांगणीला लावून गेली!"

"कारण हा नुसता अर्ज," पंत म्हणाले. "अर्ज जाहीर झाला म्हणजे नोंद झालीच असं नाही. कुणी हरकत घेतली असेल. नोंद झाली असली तरी नंतर आप्पासोंनी तिच्याकडून लिहून घेऊन पोराच्या नावावर चढवली असेल. आज आभाळाला हात लावायला सांगायचं आणि परवा शिडी काढून घ्यायची? ते पाप मी करणार नाही. मुंबईच्या रजिस्टरात आज कुणाचं नाव आहे, तेच खरं."

ते पुस्तक फी भरून कुणालाही बघता येतं आणि त्यातल्या नोंदीची दाखल्याची नक्कल मागवता येते. पंतांनी अर्ज मला टंकायला सांगितला. आयुष्यात इतक्या चुका मी कधी केल्या नव्हत्या, कारण ते खांद्याशी उभं राहून श्वास सोडत होते. अर्ज, फी, पोस्ट. मग वाट बघणं.

साहेबांना पंतांनी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "गंगाधरपंत, आपण खरेदीदाराचे. म्हातारीचे नाही."

"होय साहेब. म्हणूनच म्हणतो, खरेदीदारानं ज्याची सही घ्यायला हवी त्याचीच घ्यावी."

साहेब हसले. त्यांचा हा कारकून सरळ बोलूनच अडवायचा.

पंधरा दिवस गेले, सोळा गेले. पंत टपालवाल्याकडे असे बघत, जसं लग्न ठरलेल्या मुलीचा बाप मुलाकडच्या माणसाकडे बघतो. उमाकाकू मला म्हणाल्या, "हरी, हे रात्री झोपेत 'हरणाबाई' म्हणतात. या वयात मी काय समजायचं?" खरं सांगायचं तर त्याच हसत होत्या.

आणि कागदाचा दिवस उजाडला. संक्रांत पाच दिवसांवर. गोपाळशेठ मुद्रांकाचा कागद घेऊन अकरालाच हजर. जोतीराम बाराला आला, नवा कोट, चालण्यात ऐट. मागं हरणाबाई, हात पदरात लपवलेले. मुंबईचं पाकीट आलेलं नव्हतं.

पंतांनी चहा मागवला. मग कागदाचा मसुदा मोठ्यानं वाचला, आणि एका शब्दाला स्वतःच हरकत घेतली. मग परत चहा मागवला.

"गंगाधरपंत," गोपाळशेठ म्हणाले, "मी छाप घ्यायला आलोय, चहाची गाडी घ्यायला नव्हे."

"दुपारची डाक येऊ द्या शेठ."

"डाकेचा न् माझा काय संबंध?"

"आहे. थोडं गूळ-खोबरं घ्या."

जोतीरामला राग आला. "आवं साहेब, बापाचं ते माझं. ह्यात डाक कशाला बघायची? आत्ती, तू तरी सांग."

"मी काय सांगू बाबा," हरणाबाई म्हणाल्या. "मी मजुरीला आलोय."

तिसरा चहा येता येता टपालवाला आला. पंत उठले नाहीत. पाकीट मी घेतलं, सरकारी शिक्का फोडला, आणि कागद त्यांच्या पुढं ठेवला. त्यांनी तो वाचला. वरून खाली, मग परत खालून वर. मग इतका मोठा सुस्कारा सोडला की मुद्रांकाचा कागद उडाला.

"शेठ," ते म्हणाले, "ही तुळस छापाची मुंबईच्या नोंदपुस्तकातली नक्कल. छाप पहिल्यांदा ज्याच्या नावावर नोंदला, त्याच्याच नावावर आज आहे. मध्ये कुणाला लिहून दिलेला नाही. मालक आहेत हरणाबाई. पंपाच्या दुकानासाठी जोतीरामाला जे विकायचंय, ते त्याचं नाहीच. आप्पासोंचंही नव्हतं. यांच्या अंगठ्याशिवाय हा छाप इंचभर हलत नाही."

सगळ्यांत आधी बोलल्या त्या हरणाबाईच, आणि त्याही घाबरून.

"न्हाई वो साहेब! मी न्हाई कुटं अंगठा दिला. चोरी न्हाई केली मी."

"आप्पासोंनी कधी कागदावर अंगठा घेतला होता का?"

तिनं आठवलं. "घेतला हुता एकदा. लढाईच्या दिसांत. म्हनाला, अक्का, रेशनचं कारड हाय. मी म्हनलं, आरं, कारडाला इतकी पानं कशी? तर म्हनाला, विंग्रजांचं कारड हाय, मोठ्ठंच असतंय."

गोपाळशेठच पहिले हसले. मग साहेब. जोतीराम हसला नाही. कोटाच्या गुंड्यांशी खेळत तो जरा वेळानं म्हणाला, "बापानं मला बी सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर तुझ्या आत्तीनं फाडून टाकलं असतं," पंत म्हणाले. "विधवेच्या नावावर कुंकू म्हणजे अपशकुन, असं तिलाच सगळ्यांहून जास्त वाटत होतं. तुझ्या बापाला हे ठाऊक होतं. त्यानं डब्यावर लोकांना हवं ते छापलं आणि पुस्तकात खरं लिहिलं. मुंबईची कचेरी साडीचोळी बघत नाही, माल कोण करतो ते विचारते."

जोतीराम आत्तीकडे पाहत राहिला. पोर वाईट नव्हतं, घाईचं होतं. "आत्ती, मंग तुला इकायचं हाय का?"

"मला इचारतोस?" तिला हे नवीनच होतं. तिनं गोपाळशेठकडं पाहिलं, मग जोतीरामकडं. तीस वर्षं हळकुंडं पारखलेली बाई होती, माणसं पारखायला तिला वेळ लागला नाही. "मी करीन, शेट. साताऱ्यात तुमी इका. आष्टा-सांगली जोतीराम बघंल. आणि पंपाचं दुकान घाल बाबा, कोन नगं म्हनतंय? कुंकवाच्या शेजारी घाल. फलटणला मी काय जात न्हाई."

गोपाळशेठनी मुद्रांकाचा कागद घडी करून खिशात घातला. "म्हणजे छाप नाही, पण माल मिळणार ना? संक्रांतीआधी?"

"उद्या पाठवतो. पर रोख न्यायचं."

"बघा गंगाधरपंत," शेठ म्हणाले, "तासाभरापूर्वी ही बाई जेवणावर कामाला राहणार होती. आता मलाच अटी घालते." पण सुटलेल्या माणसासारखे तेही हसत होते. भलत्याच माणसाकडून छाप घेऊन पुढं भांडत बसण्यातून तेही वाचले होते.

ती निघायला उठली तेव्हा मी विचारलं, "आत्ती, आता डब्यावर तुमचं नाव घालायचं का?"

"नगं रं बाबा. बायका घेनार न्हाईत. वैनीचंच ऱ्हाऊ दे, ती बी बरी दिसती." मग जरा थांबून ती पंतांना म्हणाली, "पर त्यात माझं नाव कुटं हाय ते तेवढं दावा."

पंतांनी नक्कल तिच्यापुढं धरली. तिला अक्षर येत नव्हतं. पंतांनी तिचं बोट धरून नावावर ठेवलं. बोट ओलसर होतं, चहाच्या पेल्याचं असेल. तिनं उचललं तेव्हा त्या इंग्रजी अक्षरांवर लाल टिकली उमटली होती, बरोबर नावाच्या सुरुवातीला. ती दचकली, पदरानं पुसायला गेली.

"राहू द्या," पंत म्हणाले.

दाखल्याच्या सरकारी कागदावर शाईचा ठिपका पडला तर दिवसभर माझ्याशी न बोलणारा हा माणूस! मी तोंड उघडलं, त्यांनी डोळ्यांनी मिटवलं.

आत्ती-भाचे कराडकडं जाणारी सर्व्हिस मोटार धरायला गेले. जोतीरामच्या हातात तिची पिशवी होती, आणि मिश्रीचा डबा मागं राहिला नाही ना, याची त्यानं दोनदा खात्री करून घेतली. त्या दिवशी पंत दिवे लागायच्या आत घरी गेले. वही तशीच टेबलावर उघडी राहिली होती. मी मिटायला गेलो तेव्हा बघितलं, 'श' च्या पानावर, शकुंतलाबाई जिथं सापडल्या नव्हत्या तिथं, पंतांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'ह पाहा'.